तीन बाजू आणि एक ‘अथवा’



महावीराचार्य हे नाव ऐकलं की पुष्कळांना वाटतं, भगवान महावीरांबद्दलच काही आहे. तसं नाही. हे महावीराचार्य गणिती होते. इसवी सन ८५० च्या सुमाराला, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात त्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातलं मळखेड. ग्रंथाच्या सुरुवातीला तीर्थंकरांना वंदन आहे, राजाची स्तुती आहे आणि मग सरळ गणित सुरू होतं. व्याजाचे हिशेब, वाटणी, खोदकाम, सावली मोजणं आणि जमिनीचं क्षेत्रफळ. १९१२ मध्ये मद्रासला प्रा. रंगाचार्यांनी तो इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला आणि १९६३ मध्ये आपल्या सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह जीवराज जैन ग्रंथमालेत तो काढला.

आज त्यातला एकच नियम घेऊ. त्रिकोणाच्या फक्त तीन बाजू माहीत असतील, तर त्याचं क्षेत्रफळ कसं काढायचं आणि आलेलं उत्तर बरोबर आहे हे कसं पडताळायचं.

शाळेत आपण शिकलो ते सूत्र सर्वांना आठवत असेल. पाया गुणिले उंची, भागिले दोन. कागदावर ते सोपं आहे, कारण गणितात उंची दिलेली असते. पण जमिनीवर उंची कुणी आखून ठेवलेली नसते. जमिनीला असतात तीन कडा. मधून जाणारा लंब आपला आपल्याला शोधावा लागतो आणि नेमकं तिथे कधी झाड असतं, कधी विहीर, कधी शेजाऱ्याचं कडब्याचं गंजी. म्हणून नुसत्या कडा मोजून क्षेत्रफळ काढता आलं तर हवं, ही गरज फार जुनी आहे.

महावीराचार्य क्षेत्रगणिताच्या प्रकरणात क्षेत्रफळाचे दोन प्रकार सांगतात. एक व्यावहारिक आणि दुसरं सूक्ष्म. व्यवहार हा शब्द आपल्याला स्वाध्यायातून ओळखीचा आहे, पण इथे त्याचा अर्थ साधा आहे. व्यावहारिक म्हणजे कामचलाऊ, ढोबळ. सूक्ष्म म्हणजे अचूक.

ढोबळ रीत अशी. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज करून निम्मी करायची आणि त्या दोन निम्म्यांचा गुणाकार करायचा. ही रीत खरं तर चौकोनाची. त्रिकोणाला ती लावताना पायाच्या समोरची बाजू शून्य धरायची. म्हणजे दोन तिरप्या बाजूंची सरासरी गुणिले पायाचा निम्मा. त्यांचं पहिलं उदाहरण तिन्ही बाजू आठ-आठ दंडांच्या त्रिकोणाचं आहे. दंड हे लांबीचं जुनं माप. आठ आणि आठची सरासरी आठ, पायाचा निम्मा चार, उत्तर बत्तीस. याच त्रिकोणाचं सूक्ष्म क्षेत्रफळ ते पुढे विचारतात. ते येतं ७६८ चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे २७.७. बत्तीस आणि पावणेअठ्ठावीस यांत सव्वाचारांचा फरक आहे. शंभरामागे पंधराहून जास्त.

ढोबळ उत्तर नेहमी जास्तच का येतं, तेही पाहू. खरं क्षेत्रफळ काढायला पायाच्या निम्म्याला लंबाने गुणायचं असतं. ढोबळ रीत लंबाच्या जागी तिरप्या बाजूंची सरासरी घेते. छपराच्या टोकापासून सोडलेला ओळंबा छपराच्या उतारापेक्षा नेहमी आखूडच असतो. उतार जितका तिरपा, तितका फरक मोठा. म्हणजे ढोबळ रीत कधी थोडी कमी, कधी थोडी जास्त असं होत नाही. ती प्रत्येक वेळी जागा वाढवूनच सांगते.

आता सूक्ष्म रीत. तिन्ही बाजूंची बेरीज करून निम्मी करा. त्या निम्म्यातून पहिली बाजू वजा करा, मग त्याच निम्म्यातून दुसरी, मग तिसरी. अशा तीन वजाबाक्या मिळतात. मूळचा निम्मा आणि या तीन वजाबाक्या, अशा चार संख्यांचा गुणाकार करून त्याचं वर्गमूळ काढा. तेच क्षेत्रफळ.

महावीराचार्यांनी घेतलेलं उदाहरण १३, १४ आणि १५ बाजूंच्या त्रिकोणाचं आहे. तेच करू. बेरीज ४२, निम्मे २१. २१ मधून १३ गेले, ८ राहिले. २१ मधून १४ गेले, ७ राहिले. २१ मधून १५ गेले, ६ राहिले. इथेच थांबून एक छोटी खात्री करून घेता येते. ८, ७ आणि ६ यांची बेरीज २१ च यायला हवी. ती आली नाही, तर वजाबाकी कुठे तरी चुकली आहे आणि पुढचा गुणाकार करण्यात अर्थ नाही. आता २१ गुणिले ८ म्हणजे १६८, त्याला ७ ने गुणलं की ११७६, त्याला ६ ने गुणलं की ७०५६. त्याचं वर्गमूळ ८४.

हा नियम एकट्या महावीराचार्यांचा नाही आणि ते तसं म्हणतही नाहीत. त्यांच्या आधी, ६२८ साली, ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धांता’त तो दिला आहे. त्याहून कितीतरी आधी, पहिल्या शतकात, अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने तो सिद्ध करून दाखवला. त्याचा ‘मेट्रिका’ हा ग्रंथ शतकानुशतकं हरवलेला होता. १८९६ मध्ये तो कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडला. अल्-बिरुनी तर या सूत्राचं श्रेय आर्किमिडीजला देतो. आणि गंमत पाहा, हेरॉनच्या ग्रंथातही १३, १४, १५ चा त्रिकोण आहे आणि भास्कराचार्यांच्या ११५० च्या ‘लीलावती’तही तोच आहे. याचं कारण सरळ आहे. या त्रिकोणाचं क्षेत्रफळही पूर्णांकात येतं आणि लंबही. विद्यार्थ्याला वर्गमूळाच्या अपूर्णांकात न अडकता रीत समजते.

पण मला महावीराचार्यांच्या श्लोकातला एक शब्द जास्त आवडला. वर्गमूळाची रीत सांगून झाल्यावर ते तिथेच, त्याच श्लोकात, ‘अथवा’ म्हणतात आणि दुसरी रीत देतात. वरची आणि खालची बाजू मिळवून निम्मी करा आणि लंबाने गुणा. त्रिकोणाला वरची बाजू नसते, तेव्हा पायाचा निम्मा गुणिले लंब. म्हणजे आपली शाळेतलीच रीत. एका रीतीने आलेलं उत्तर दुसऱ्या रीतीने ताडून पाहण्याची सोय त्या एका ‘अथवा’ने झाली आहे.

पण लंब आणायचा कुठून? तोही बाजूंवरूनच काढता येतो आणि त्याची कृती त्यांनी या श्लोकाच्या आधीच सांगितली आहे. लंब पायावर जिथे टेकतो, तिथे पायाचे दोन तुकडे होतात. त्यांना आबाधा म्हणतात. आधी आबाधा काढायच्या, मग लंब.

आपल्या त्रिकोणात १४ हा पाया घेऊ. उरलेल्या बाजू १५ आणि १३. त्यांचे वर्ग २२५ आणि १६९, फरक ५६. या ५६ ला पायाने म्हणजे १४ ने भागलं की ४. हा ४ म्हणजे दोन तुकड्यांतला फरक. दोघांची बेरीज १४ आणि फरक ४, तर मोठा तुकडा ९ आणि लहान ५. (बेरीज आणि फरकावरून दोन संख्या काढण्याच्या या कृतीला ते संक्रमण म्हणतात.) आता १५ ची तिरपी बाजू, ९ चा तुकडा आणि लंब यांचा काटकोन त्रिकोण झाला. २२५ मधून ८१ गेले, १४४ राहिले, वर्गमूळ १२. लंब १२. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर १६९ मधून २५ गेले, तेही १४४. म्हणजे लंबाचीही खात्री झाली. पायाचा निम्मा ७, गुणिले १२, उत्तर ८४. दोन्ही रीतींचा मेळ बसला.

आणि ढोबळ रीत? १५ आणि १३ ची सरासरी १४, पायाचा निम्मा ७, उत्तर ९८. चौदाने जास्त.

दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर का यावं, हे मी थोडं खोलात जाऊन पाहिलं. ते इथे सांगते, कारण पुढे त्याचा उपयोग आहे. लंबाचा वर्ग आपण १५ चा वर्ग वजा ९ चा वर्ग असा काढला. वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी, हे शाळेतलं सूत्र. १५ अधिक ९ म्हणजे २४, १५ वजा ९ म्हणजे ६, आणि २४ गुणिले ६ म्हणजे १४४. क्षेत्रफळाचा वर्ग करायचा तर याला ७ च्या वर्गाने गुणायचं. म्हणजे दोन सात मिळाले. एक सात २४ ला द्या, १६८ झाले. दुसरा सात ६ ला द्या, ४२ झाले. आता १६८ म्हणजे २१ गुणिले ८ आणि ४२ म्हणजे ७ गुणिले ६. आपल्या पहिल्या रीतीतल्याच त्या चार संख्या! हा योगायोग नाही, कुठल्याही त्रिकोणात असंच होतं. दोन रीती म्हणजे एकाच घराचे पुढचं आणि मागचं दार.

आता जमिनीवर येऊ. आमच्या नात्यातल्या एका घरी दोन भावांत वाटणी चालू होती. दोन रस्ते फुटतात तिथली तीन कोनी जागा थोरल्याने ठेवायची आणि धाकट्याचा निम्मा हिस्सा पैशात द्यायचा, असं ठरलं होतं. दर ठरला ९०० रुपये चौरस फूट. जागेच्या कडा रस्त्याकडून ६७ फूट, उरलेल्या दोन ५८ आणि ४१ फूट. मध्यस्थाने कागदावर आकडा लिहून दिला, १६५८ चौरस फूट. मोठ्या भावाने हळूच विचारलं, “वहिनी, तुम्ही बी.कॉम. आहात, जरा बघता का?”

तो आकडा कसा आला हे समजायला वेळ लागला नाही. ५८ आणि ४१ ची सरासरी साडेएकोणपन्नास, ६७ चा निम्मा साडेतेहेतीस. ढोबळ रीत, हजार वर्षांपूर्वीची. त्या मध्यस्थाने महावीराचार्य वाचले असतील असं नव्हे. ही रीत सोपी आहे, म्हणून ती हातोहात टिकून राहिली.

मी त्यांना आधी एवढंच दाखवलं. रस्त्याकडची बाजू पाया धरली तर १६५८ येतात. तीच रीत, पण ५८ फुटांची बाजू पाया धरली तर १५६६ येतात. ४१ फुटांची बाजू पाया धरली तर १२८१. जागा एक, कडा त्याच आणि उत्तरं तीन. जमीन काही आपण तिच्याकडे कुठून पाहतो यावर लहानमोठी होत नाही. तेव्हा रीतीतच दोष आहे, हे कुणालाही पटतं. त्यासाठी वर्गमूळ यावं लागत नाही.

मग सूक्ष्म रीत. ४१, ५८ आणि ६७ यांची बेरीज १६६, निम्मे ८३. वजाबाक्या ४२, २५ आणि १६. तिघांची बेरीज ८३, ठीक. आता २५ आणि १६ हे दोन्ही पूर्ण वर्ग आहेत, त्यांची मुळं ५ आणि ४, गुणाकार २०. ते बाजूला ठेवले. उरले ८३ गुणिले ४२, म्हणजे ३४८६. याचं वर्गमूळ पूर्णांकात येत नाही. इथे हेरॉनची युक्ती कामाला येते. त्याने ७, ८, ९ बाजूंच्या त्रिकोणात ७२० चं वर्गमूळ काढताना ती वापरली होती. जवळचा वर्ग पाहायचा. ५९ चा वर्ग ३४८१. आता ३४८६ ला ५९ ने भागलं की ५९.०८५ येतात. ५९ आणि ५९.०८५ यांची सरासरी घेतली की ५९.०४२. बाजूला ठेवलेल्या २० ने गुणलं की ११८०.८. म्हणजे जागा जवळजवळ ११८१ चौरस फूट.

१६५८ आणि ११८१ यांत ४७७ चौरस फुटांचा फरक. ९०० रुपये दराने सव्वाचार लाखांच्या वर आणि धाकट्याच्या निम्म्या हिश्शाला दोन लाख पंधरा हजारांच्या जवळपास. सख्ख्या भावांमध्ये एवढ्या रकमेचं चुकीचं देणंघेणं झालं असतं आणि दोघांच्याही मनात काही वाईट नव्हतं.

अर्थात, माझ्या एका उत्तरावर कुणी का विश्वास ठेवावा? म्हणून ‘अथवा’. पाया ६७. ५८ आणि ४१ चे वर्ग ३३६४ आणि १६८१, फरक १६८३. ६७ ने भागलं की २५.१२. दोन तुकड्यांची बेरीज ६७ आणि फरक २५.१२, तर मोठा तुकडा ४६.०६ आणि लहान २०.९४. ३३६४ मधून ४६.०६ चा वर्ग वजा केला की १२४२.५ उरतात. त्याचं वर्गमूळ ३५.२५. साडेतेहेतीस गुणिले ३५.२५, म्हणजे ११८०.९. दशांशातला एवढासा फरक आकडे तोडल्यामुळे आला. मेळ बसला.

इथे एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यायला हवी. हिशेब शिकलेल्यांना तेरीज माहीत असते. जमा आणि नावे दोन्हीकडची बेरीज जुळली म्हणजे खाती बरोबर असं आपण म्हणतो, पण एखादी नोंद दोन्हीकडे चुकीच्या रकमेनेच झाली असेल, तर तेरीज तरीही जुळते. इथेही तसंच आहे. दोन्ही रीती त्याच तीन मापांवर चालतात आणि वर पाहिलं तसं मुळात त्या एकच आहेत. म्हणून त्यांचा मेळ बसला याचा अर्थ एवढाच की माझी आकडेमोड चुकली नाही. टेप चुकली असेल, तर हा मेळ काहीच सांगत नाही.

समजा मोजताना ४१ च्या जागी कुणी ४७ लिहिले. पहिल्या रीतीने येतात १३३५.८ आणि दुसऱ्या रीतीनेही येतात १३३५.८. दोन्ही रीती एकमुखाने चुकीचं सांगतात, तेही दीडशे चौरस फुटांनी.

याला उपाय एकच. जमिनीवरचं चौथं माप, जे पहिल्या तिघांतून आलेलं नाही. दुसऱ्या रीतीचा खरा फायदा इथे आहे. ती आपल्याला नुसतं क्षेत्रफळ देत नाही, लंब कुठे टेकतो आणि किती लांबीचा असला पाहिजे हेही आधीच सांगून ठेवते. तेव्हा ४१ फुटांची कड ज्या टोकाला रस्त्याला मिळते, तिथून रस्त्याच्या कडेने २०.९४ फूट, म्हणजे २० फूट ११ इंच मोजून एक खुंटी ठोकली. खुंटीपासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप ताणली. हिशेबाप्रमाणे ३५ फूट ३ इंच यायला हवे होते. इंचभर कमी-जास्त धरून तेवढेच आले. मगच दोघा भावांनी ११८१ वर सह्या केल्या.

४१ च्या जागी ४७ असते तर? मग हिशेबाने खुंटी २४ फूट १०-११ इंचांवर आली असती आणि लंब ३९ फूट १० इंच निघाला असता. टेप ताणल्यावर मात्र ३५ फूट ६ इंचांच्या आतच कोपरा आला असता. चार-साडेचार फुटांचा फरक लगेच लक्षात येतो. भूमापनात कडांशिवाय अशी एक जादा रेघ मुद्दाम मोजतात, ती याचसाठी. लंबाच्या जागी झाड असेल तर लंबच हवा असं नाही. पायावरच्या दुसऱ्या कुठल्याही माहीत बिंदूपासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर हिशेबाने काढून मोजलं तरी चालतं.

आणखी एक सावधगिरी. त्रिकोण फार चपटा असेल, तर ही रीत बरोबर असूनही हातात खरं उत्तर येत नाही. ३० आणि ४० फुटांच्या दोन कडा आणि तिसरी ६९ फुटांची, अशी लांबट पट्टी घ्या. निम्मी बेरीज साडेएकोणसत्तर, वजाबाक्या ३९.५, २९.५ आणि अवघा ०.५. क्षेत्रफळ २०१ चौरस फूट. आता ६९ च्या जागी टेपवर साडेएकोणसत्तर वाचलं गेलं, फक्त सहा इंच जास्त. ती शेवटची वजाबाकी ०.५ ची ०.२५ होते, म्हणजे निम्मी, आणि क्षेत्रफळ १४४ वर येतं. सहा इंचांनी सत्तावन्न चौरस फूट नेले. म्हणून चारांपैकी एखादी संख्या बाकीच्यांच्या मानाने फारच लहान आली, की सावध व्हायचं. तिथे सूत्रावर विसंबू नये, लंबच प्रत्यक्ष मोजावा. कोपऱ्यावर टेपचं टोक धरून दुसरं टोक पायावरून हळूहळू सरकवायचं. जिथे सर्वांत कमी आकडा येईल, तो लंब.

कुणी विचारेल, चार बाजूंच्या जागेला असंच सूत्र नाही का? महावीराचार्य आणि ब्रह्मगुप्त दोघांनीही तीच वर्गमूळाची रीत चौकोनालाही सांगितली आहे. पण ती फक्त अशा चौकोनाला लागू पडते, ज्याचे चारही कोपरे एका वर्तुळावर येतात. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त यावर बोट ठेवलं. चार बाजू तेवढ्याच ठेवून चौकोन कलता करता येतो, मग नुसत्या बाजूंवरून त्याचं क्षेत्रफळ ठरणार कसं? कर्ण किंवा लंब न सांगता असं क्षेत्रफळ विचारणाऱ्याला त्यांनी चक्क पिशाच म्हटलं आहे आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून मोठं! चार काड्या टोकांना दोऱ्याने बांधून पाहा, चौकट हलते. तीन काड्या बांधा, हलत नाही. म्हणून चौकोनी जागेचा एक कर्ण मोजायचा, दोन त्रिकोण करायचे आणि प्रत्येकाला वरची रीत लावायची.

शेवटी भास्कराचार्यांचंच आणखी एक उदाहरण. ३, ६ आणि ९ बाजूंच्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ कुणी विचारलं तर काय सांगाल? बेरीज १८, निम्मे ९, वजाबाक्या ६, ३ आणि ०. गुणाकार शून्य. तीन आणि सहा मिळून नऊच होतात, मग कोपरा वर उचलला जाणारच नाही. तिसरी बाजू नवाहून मोठी सांगितली, तर एक वजाबाकी ऋण येते आणि वर्गमूळच निघत नाही. असा आकार सांगणाऱ्याला भास्कराचार्य धीट म्हणतात, आकाराला अक्षेत्र म्हणतात, आणि सुचवतात की तेवढ्या लांबीच्या सरळ काड्या मांडून दाखवा, म्हणजे त्यालाच कळेल. जुन्या कागदावर तीन कोनी जागेच्या कडा लिहिलेल्या दिसल्या, तर क्षेत्रफळ काढायच्या आधी कुठल्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा जास्त आहे ना, एवढं पाहून घ्या. नसेल, तर तो आकडा लिहिणाऱ्याने जागेवर जाऊन मोजलेलाच नाही.